ईस्टरपासून मागे मोजताना: प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस आणि पवित्र सप्ताह कसा काढावा

भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत गुड फ्रायडे हमखास छापलेला असतो, कारण तो सरकारी सुटीचा दिवस आहे. राखेचा बुधवार, म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, मात्र बहुतेक दिनदर्शिकांत सापडत नाही आणि झावळ्यांचा रविवारही क्वचितच दिसतो. त्यामुळे वसईतल्या एखाद्या घरात लग्नाची तारीख ठरवताना किंवा गोव्यातल्या नातेवाइकांकडे कार्निव्हलला जाण्याचे तिकीट काढताना प्रायश्चित्तकाळ नेमका कधी सुरू होतो, हे स्वतः मोजून काढावे लागते. हे मोजणे मुळीच अवघड नाही. तरीही त्यात ठरावीक दोन-तीन ठिकाणी चुका होतात, आणि त्यातली एक चूक अशी आहे की ती झाल्यावरही उत्तर अगदी बरोबर भासते. म्हणून २०२६ हे वर्ष हाती घेऊन ही मोजणी सावकाश करून पाहू.

मोजणी उलट दिशेने करावी लागते, कारण या संपूर्ण काळाचा खुंटा त्याच्या शेवटी रोवलेला आहे. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, पण ईस्टर म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा रविवार दरवर्षी जागा बदलतो, आणि त्याच्या आधीचे सगळे दिवस त्याच्याबरोबर सरकतात. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, असा त्याचा नियम आहे. या नियमामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी किंवा २५ एप्रिलच्या नंतर कधीही येत नाही. २०२६ मध्ये ही पौर्णिमा गुरुवारी, २ एप्रिलला येते. आपल्या पंचांगातली चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंतीही त्याच दिवशी आहे. त्यानंतरचा रविवार ५ एप्रिल, म्हणून २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. नियमातली पौर्णिमा ही चर्चच्या तक्त्यातली पौर्णिमा असते. ती एकोणीस वर्षांच्या चक्रावर बसवलेली आहे आणि आकाशातल्या चंद्राशी किंवा आपल्या पंचांगाशी ती प्रत्येक वेळी तंतोतंत जुळतेच असे नाही. २०२५ मध्ये हनुमान जयंती शनिवारी, १२ एप्रिलला होती. केवळ पंचांग पाहून कोणी ईस्टर काढला असता, तर लगेच दुसऱ्या दिवशीचा रविवार, म्हणजे १३ एप्रिल हे उत्तर आले असते. चर्चच्या तक्त्यात मात्र ती पौर्णिमा रविवारी, १३ एप्रिललाच होती, आणि पौर्णिमा रविवारी आली तर ईस्टर त्याच दिवशी न धरता पुढच्या रविवारी धरतात. म्हणून तो २० एप्रिलला आला. एका दिवसाच्या फरकाने ईस्टर आठवडाभर सरकला आणि त्याच्याबरोबर राखेचा बुधवारही सरकला. म्हणूनच ईस्टरची तारीख पंचांगावरून स्वतः काढण्याच्या भानगडीत पडू नये. छापलेल्या गुड फ्रायडेमध्ये दोन दिवस मिळवून ती घ्यावी आणि तिथून मागे मोजायला लागावे.

आता मुख्य प्रश्न असा की किती दिवस मागे जायचे. प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचा असतो, हे लहानपणापासून धर्मशिक्षणात ऐकलेले असते. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे ते स्मरण आहे. म्हणून साहजिकच ईस्टरमधून चाळीस वजा करावेत असे वाटते. परंतु राखेच्या बुधवारासाठी चाळीस नव्हे, तर सेहेचाळीस वजा करावे लागतात. हे सहा दिवस जास्तीचे कुठून आले, ते एकदा नीट समजले की पुढे काही पाठ करावे लागत नाही.

प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा स्मरणदिन आहे, म्हणजे तो स्वतःच एक लहानसा ईस्टर आहे. अशा आनंदाच्या दिवशी उपवास करू नये, ही चर्चची फार जुनी परंपरा आहे. त्यामुळे उपवासाचे दिवस मोजताना रविवार गाळले जातात. राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारापर्यंत, दोन्ही दिवस धरून, सेहेचाळीस दिवस होतात. त्यांत सहा रविवार येतात आणि ते वजा केले की चाळीस उरतात. रविवार प्रायश्चित्तकाळात असतात, पण त्याच्या उपवासांत मोजले जात नाहीत, असे म्हटले तर गोंधळ राहत नाही. मिस्सेत आपण ‘प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार’ असे ऐकतो तेही याच अर्थाने.

सेहेचाळीस दिवस बोटांवर मोजण्याची मात्र गरज नाही, आणि तसे मोजूही नयेत. सेहेचाळीस म्हणजे सहा आठवडे आणि वर चार दिवस. ईस्टर रविवारीच येतो, म्हणून रविवारावरून रविवारावर पावले टाकत मागे गेले की वाट चुकत नाही. २०२६ साठी ईस्टरच्या ५ एप्रिलवर बोट ठेवा आणि पहिले पाऊल मागच्या रविवारी टाका. तो २९ मार्च, म्हणजे झावळ्यांचा रविवार. दुसरे पाऊल २२ मार्चला, तिसरे १५ मार्चला, चौथे ८ मार्चला, पाचवे १ मार्चला आणि सहावे २२ फेब्रुवारीला पडते. हा २२ फेब्रुवारी म्हणजे प्रायश्चित्तकाळातील पहिला रविवार. आता तिथून चार दिवस मागे यायचे. शनिवार २१, शुक्रवार २०, गुरुवार १९ आणि बुधवार १८. म्हणून २०२६ मधला राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला येतो.

समोर फक्त गुड फ्रायडेच छापलेला असेल, तर ईस्टरपर्यंत न जाता थेट त्याच्यापासूनही मोजता येते. गुड फ्रायडेपासून सहा शुक्रवार मागे आणि मग आणखी दोन दिवस मागे. ३ एप्रिल २०२६ पासून सहा शुक्रवार मागे गेले की २० फेब्रुवारी येतो आणि त्याच्या दोन दिवस आधी १८ फेब्रुवारी. माझ्या मते घरात मोजण्यासाठी हीच पद्धत सगळ्यांत सोयीची आहे, कारण तिची सुरुवात छापलेल्या तारखेपासून होते.

उत्तर काढल्यावर पहिली तपासणी वाराची करावी. उत्तर बुधवार आले नाही, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की, आणि कोणता वार आला यावरून चूक कोणती ते बहुधा ओळखता येते. ५ एप्रिलमधून नुसते चाळीस वजा केले तर २४ फेब्रुवारी येतो आणि तो मंगळवार असतो. सेहेचाळीसच दिवस घेतले, पण ईस्टरचा दिवसही पहिला म्हणून मोजला, तर १९ फेब्रुवारी येतो आणि तो गुरुवार असतो. दुसऱ्या प्रकारची चूक आपल्याकडे सहज होते, कारण बारावा, तेरावा असे दिवस मोजताना आपण पहिला दिवस धरूनच मोजतो. वजाबाकीत मात्र ज्या दिवसापासून निघायचे, तो दिवस मोजायचा नसतो.

वाराच्या तपासणीत पकडली न जाणारी चूक सर्वांत धोक्याची असते. सहा रविवार मागे जाताना एखाद्याने ईस्टरलाच पहिला रविवार धरले, तर तो २२ फेब्रुवारीला न पोहोचता १ मार्चला थांबतो आणि तिथून चार दिवस मागे जाऊन २५ फेब्रुवारीला पोहोचतो. हा दिवसही बुधवारच आहे. उत्तर बरोबर दिसते, पण ते पूर्ण आठवड्याने चुकलेले असते. हे टाळायचे असेल, तर दिनदर्शिकेवर राखेचा बुधवार आणि ईस्टर यांच्या मधले रविवार पेन्सिलीने खुणा करून मोजावेत. ईस्टर न धरता ते सहाच भरले पाहिजेत आणि त्यांतला शेवटचा झावळ्यांचा रविवार असला पाहिजे. पाच भरले तर आपण आठवडाभर अलीकडे थांबलो आहोत आणि सात भरले तर आठवडाभर पलीकडे गेलो आहोत.

संगणकावर अनेक वर्षांचे तक्ते करणाऱ्यांना हे काम आणखी सोपे आहे. एक्सेलसारख्या तक्त्यात A2 या चौकटीत ईस्टरची तारीख लिहिली, तर राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार आणि गुड फ्रायडे अनुक्रमे असे मिळतात:

```
=A2-46
=A2-7
=A2-2
```

उत्तराच्या जागी तारखेऐवजी मोठा आकडा दिसला, तर त्या चौकटीला तारखेचे स्वरूप द्यावे लागते, एवढेच. फेब्रुवारी २८ दिवसांचा की २९ दिवसांचा, हे संगणक स्वतः पाहतो. हाताने वजाबाकी करणाऱ्याला मात्र ते लक्षात ठेवावे लागते, आणि त्याचे एक सुंदर उदाहरण अलीकडेच घडून गेले आहे. २०१८ मध्ये ईस्टर १ एप्रिलला होता आणि २०२४ मध्ये ३१ मार्चला, म्हणजे तारखेने एक दिवस आधी. तरीही दोन्ही वर्षी राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीलाच आला, कारण २०२४ हे लीप वर्ष होते आणि २९ फेब्रुवारीच्या जास्तीच्या दिवसाने तो एका दिवसाचा फरक भरून काढला. ईस्टर १६ एप्रिलला किंवा त्यानंतर असेल, तर लीप वर्षाचा विचारच करावा लागत नाही, कारण मोजणी फेब्रुवारीपर्यंत पोहोचतच नाही. २०२८ हे लीप वर्ष आहे, पण त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला असल्यामुळे राखेचा बुधवार १ मार्चला येतो. या हिशोबाने राखेचा बुधवार लवकरात लवकर ४ फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा १० मार्चला येऊ शकतो. आपले उत्तर या दोन तारखांच्या बाहेर गेले, तर ईस्टरची तारीखच पुन्हा तपासावी.

पवित्र सप्ताहाची मोजणी याहून सोपी आहे, कारण ती एकाच आठवड्याची आहे. झावळ्यांचा रविवार ईस्टरच्या बरोबर सात दिवस आधी येतो. २०२६ मध्ये तो २९ मार्चला आहे आणि तिथून पवित्र सप्ताह सुरू होतो. पवित्र गुरुवार २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ एप्रिलला आणि पवित्र शनिवार ४ एप्रिलला येतो. गोंधळ होतो तो फक्त ‘तिसऱ्या दिवशी’ या शब्दांपाशी. येशू शुक्रवारी मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला असे श्रद्धेच्या अंगीकारात आपण म्हणतो, पण शुक्रवारात तीन दिवस मिळवले तर सोमवार येतो. इथे मोजणीची जुनी यहुदी रीत आहे आणि ती तेराव्याच्या आपल्या मोजणीसारखीच आहे, म्हणजे पहिला दिवस धरून मोजायचे. शुक्रवार हा पहिला, शनिवार दुसरा आणि रविवार तिसरा. म्हणून गुड फ्रायडेवरून ईस्टर काढताना दोनच दिवस मिळवायचे असतात.

कॅथलिक उपासनेत गुरुवारी संध्याकाळच्या, शेवटच्या भोजनाच्या स्मरणाच्या मिस्सेने पवित्र त्रिदिवस सुरू होतो आणि तो ईस्टरच्या रविवारी संध्याकाळी संपतो. संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत एक दिवस धरला, तर गुरुवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ हे बरोबर तीन दिवस होतात. कॅथलिक चर्चच्या आजच्या नियमानुसार प्रायश्चित्तकाळही याच गुरुवारच्या संध्याकाळी, मिस्सेच्या आधी संपतो. म्हणून राखेच्या बुधवारापासून त्या गुरुवारपर्यंतचे सगळे दिवस मोजणाऱ्याला चव्वेचाळीस मिळतात आणि तो बुचकळ्यात पडतो. त्याची मोजणी चुकलेली नसते. उपासनेचा काळ गुरुवारी संपतो, पण चाळीस उपवासांची परंपरागत बेरीज पवित्र शनिवारपर्यंत चालते. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

हे असे का झाले, त्याला इतिहास आहे. रोममध्ये एके काळी प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी नव्हे, तर पहिल्या रविवारी सुरू होत असे. त्या रविवारापासून पवित्र गुरुवारपर्यंत, रविवारही धरून मोजले, तर बरोबर चाळीस दिवस होतात. २०२६ मध्ये २२ फेब्रुवारी ते २ एप्रिल मोजून पाहा: फेब्रुवारीचे सात, मार्चचे एकतीस आणि एप्रिलचे दोन. पण पवित्र शनिवारपर्यंतच्या पूर्ण सहा आठवड्यांतले सहा रविवार वगळले, तर उपवासाचे दिवस छत्तीसच उरत. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले पहिले ग्रेगरी या छत्तीस दिवसांना वर्षाचा दशमांश म्हणत. पुढे प्रत्यक्ष उपवासाचेच चाळीस दिवस भरावेत म्हणून मागे बुधवारपर्यंतचे चार दिवस जोडले गेले. मोजणीतल्या ‘सहा आठवडे आणि वर चार दिवस’ यांतले चार दिवस ते हेच. इटलीतल्या मिलान शहरात संत अँब्रोज यांच्या नावाची जुनी उपासनापद्धती आजही चालते आणि तिथे हे चार दिवस जोडलेले नाहीत. त्यामुळे तिथला प्रायश्चित्तकाळ रविवारी सुरू होतो आणि कार्निव्हल त्याच्या आदल्या शनिवारपर्यंत चालतो.

महाराष्ट्रातही असा फरक आपल्या शेजारीच पाहायला मिळतो. मुंबई, ठाणे, कल्याण, पुणे या भागांत केरळमधून आलेली अनेक सिरो-मलबार कॅथलिक कुटुंबे आहेत आणि १९८८ पासून कल्याणला त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. त्यांचा ईस्टर आपल्याच दिवशी असतो, पण उपवास राखेच्या बुधवारी सुरू होत नाही. ते ईस्टरपासून सात आठवडे मागे जातात आणि त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी उपवास धरतात. २०२६ मध्ये तो सोमवार १६ फेब्रुवारीला येतो. म्हणजे एकाच इमारतीत राहणारी दोन कॅथलिक कुटुंबे एकाच सणाची तयारी दोन दिवसांच्या अंतराने सुरू करतात. ग्रीस, रशिया वगैरे देशांतल्या ऑर्थोडॉक्स चर्चांची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे उपवास सोमवारीच सुरू होतो, पण ईस्टर जुन्या जुलियन दिनदर्शिकेवरून काढला जातो. त्यामुळे २०२५ मध्ये तो आपल्याबरोबर २० एप्रिलला आला, तर २०२६ मध्ये तो १२ एप्रिलला आहे. त्यांच्या तारखा आपल्या ईस्टरवरून मोजू नयेत.

रविवारांची ही साखळी हाती आली की तिच्या आधारे इतर दिवसही ओळखता येतात. गोव्याचा कार्निव्हल राखेच्या बुधवाराच्या आधीचे चार दिवस असतो, शनिवार ते मंगळवार. २०२६ मध्ये ते दिवस १४ ते १७ फेब्रुवारी असे येतात. गोवा वेल्हा इथली संतांच्या मूर्तींची प्रसिद्ध मिरवणूक प्रायश्चित्तकाळातल्या पाचव्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी निघते. झावळ्यांचा रविवार हा सहावा, म्हणून पाचवा २२ मार्चला आणि मिरवणूक २३ मार्चला. ही तारीख ईस्टरच्या तेरा दिवस आधीची आहे आणि कोणत्याही वर्षी ती तशीच काढता येते.

आता हीच मोजणी २०२७ साठी करून पाहिली तर आणखी एक गोष्ट कळते. त्या वर्षी नियमातली पौर्णिमा २२ मार्चला, म्हणजे फाल्गुनातच आहे आणि ईस्टर लवकर, २८ मार्चला येतो. सहा रविवार मागे जाताना २१, १४ आणि ७ मार्च, मग २८, २१ आणि १४ फेब्रुवारी लागतात. लीप नसलेल्या वर्षात फेब्रुवारी बरोबर चार आठवड्यांचा असतो, म्हणून फेब्रुवारी आणि मार्चमधल्या रविवारांच्या तारखा एकच असतात आणि मोजणे सोपे जाते. १४ फेब्रुवारीपासून चार दिवस मागे १० फेब्रुवारी, हा राखेचा बुधवार. पवित्र सप्ताह २१ मार्चला सुरू होतो आणि पवित्र गुरुवार २५ मार्चला येतो. पण २५ मार्च हा गॅब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा सण आहे, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधीचा. पवित्र सप्ताहात दुसरा कोणताही सण साजरा होत नाही आणि ईस्टरनंतरचा पूर्ण आठवडाही ईस्टरचाच मानला जातो. म्हणून हा सण त्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या दिवशी, ईस्टरकाळातल्या दुसऱ्या रविवारच्या पुढच्या सोमवारी नेतात. २०२४ मध्ये असेच झाले होते. २५ मार्च पवित्र सप्ताहातल्या सोमवारी आला आणि सण ८ एप्रिलला साजरा झाला. २०२७ मध्ये तो सोमवार, ५ एप्रिलला येईल. ज्या धर्मग्रामांत किंवा कुटुंबांत २५ मार्चला काही नवस, नामसण किंवा वर्धापनदिन ठेवलेला असेल, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच ईस्टरपासून मागे मोजून पाहावे. झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंतच्या पंधरा दिवसांत २५ मार्च सापडला, तर सणाची तारीख पुढे ढकलावी लागेल.